धागा: दोन्ही सिग्नलची एनर्जी 16 येते, मग एक एनर्जी सिग्नल आणि दुसरा पॉवर सिग्नल कसा?

पांझराकाठ · सोमवार, रात्री 9:40

नमस्कार मंडळी. मी धुळ्याला ई अँड टीसीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सिग्नल्सच्या पेपरला हमखास येणारा एक प्रश्न सोडवत होते. प्रश्न असा छापलाय:

खालील सिग्नल एनर्जी सिग्नल आहेत की पॉवर सिग्नल ते ठरवा.
अ) x(t) = 4e^(-0.5t)
ब) x(t) = 4cos(100πt)

सूत्रं पाठ आहेत. वर्गाचं इंटिग्रल म्हणजे एनर्जी, आणि त्याची दीर्घकाळची सरासरी म्हणजे पॉवर. हाताने करण्याआधी आकडे काय येतात ते पायथनमध्ये पाहिलं:

```python
import numpy as np
dt = 1e-4
t1 = np.arange(0, 20, dt)
t2 = np.arange(0, 2, dt)
x1 = 4*np.exp(-0.5*t1)
x2 = 4*np.cos(100*np.pi*t2)
print(np.sum(x1**2)*dt, np.sum(x2**2)*dt)
```

पहिल्याची एनर्जी 16.0008 आली, दुसऱ्याची 16. दोन्ही मर्यादित, आणि जवळजवळ सारख्याच. सरासरी काढली तर पहिल्याची पॉवर 0.8 आणि दुसऱ्याची 8, म्हणजे त्याही दोन्ही मर्यादित आणि दोन्ही शून्य नाहीत. पुस्तकाच्या मागे उत्तर दिलंय की पहिला एनर्जी, दुसरा पॉवर. माझ्या आकड्यांवरून तर दोघांत काही फरकच दिसत नाही. प्रोग्रॅममध्ये काय राहिलंय?

---

अमळनेरकर · सोमवार, रात्री 10:05

प्रोग्रॅम कशाला करत बसतेस? गेटच्या तयारीत आम्ही दोन ओळींत उरकायचो. सिग्नल पिरिऑडिक असेल तर पॉवर. विरत जाणारा असेल किंवा थोडाच वेळ असेल तर एनर्जी. कोसाइन पिरिऑडिक आहे, झाला पॉवर. e^(-0.5t) विरतो, झाला एनर्जी. पॉवर हवी असेल तर अँप्लिट्यूडचा वर्ग भागिले दोन, म्हणजे 16/2 = 8. एनर्जी हवी असेल तर A²/2a, म्हणजे 16/1 = 16. पुढच्या प्रश्नाकडे वळ.

---

केळीवाला_रावेर · मंगळवार, सकाळी 6:50

मी इंजिनिअर नाही, पण हे वाचून मले एक शंका आली. पॉवर म्हणजे किलोवॅट आणि एनर्जी म्हणजे युनिट, एवढं आपल्याला बिलावरून माहीत आहे. माझी विहिरीवरची मोटर पाच एचपीची, म्हणजे साधारण 3.7 किलोवॅट. लाईट आठ तास राहिली तर 30 युनिटच्या आसपास जळतात. दोन्ही आकडे एकाच मोटरचे. मग ती पॉवरची की एनर्जीची, असं एक काहीतरी ठरवायचं कशासाठी?

दुसरं, हे विचारायचंच होतं. माझ्या बोअरच्या सिंगल फेज मोटरच्या पेटीतला स्टार्टिंगचा कपॅसिटर मोटर बंद करून मेन स्विच खाली पाडल्यावरही झटका देतो. परवा दिला. लाईटच नसताना तो करंट येतो कुठून?

---

जुना_फळा · मंगळवार, सकाळी 11:20

मी भुसावळला राहतो, पॉलिटेक्निकला हाच विषय बरीच वर्षं शिकवला, आता निवृत्त आहे. रावेरच्या भाऊंना नंतर उत्तर देतो. त्यांच्या कपॅसिटरमध्ये या धाग्यातलं अर्धं गणित आहे, त्यामुळे ते विसरणार नाही.

आधी पांझराकाठ. बेटा, प्रोग्रॅमची बेरीज बरोबर आहे. 16 हाही आकडा बरोबर आहे. पण तू पहिल्या सिग्नलला 20 सेकंद दिलेस आणि दुसऱ्याला 2. प्रश्न 20 सेकंदांचाही नाही आणि 2 सेकंदांचाही नाही. प्रश्न आहे की खिडकी रुंदावत, रुंदावत, कुठेच न थांबता नेली तर बेरजेचं काय होतं. म्हणून व्याख्येत आधी -T ते T घेतात आणि मग T अनंताकडे नेतात. एका खिडकीतला एकच आकडा पाहून सिग्नलची जात ठरवता येत नाही. आकडा पुढे कसा वाढतो ते पाहावं लागतं.

कोसाइनचं हाताने करून दाखवतो. 16cos²(100πt) चं -T ते T इंटिग्रल करायचं आहे. cos² ला अर्धा अधिक अर्धा cos(200πt) असं फोडलंस की दोन तुकडे पडतात. पहिल्या तुकड्याचं इंटिग्रल 16T. दुसऱ्याचं 8·sin(200πT)/(100π), म्हणजे साधारण 0.0255·sin(200πT). आता या दोघांकडे नीट बघ. पहिला T बरोबर वाढतच जातो. दुसरा मात्र T कितीही मोठा केला तरी 0.0255 च्या वर जाऊ शकत नाही, तिथल्या तिथे वरखाली होत राहतो.

म्हणून एनर्जी अनंत. तुला 2 सेकंदांत 16 मिळाली, 4 सेकंदांत 32 मिळेल, एका तासात 28800. कुठेच थांबणार नाही. पॉवरसाठी आता सगळ्याला 2T ने भाग. पहिला तुकडा नेमका 8 देतो, दुसरा 0.0255 भागिले 2T पेक्षा लहान असल्यामुळे शून्याकडे जातो. P = 8. मर्यादित आहे आणि शून्य नाही. म्हणून पॉवर सिग्नल.

यात एक गोष्ट मुलांच्या नजरेतून निसटते. A²/2 या उत्तरात फ्रिक्वेन्सीही नाही आणि फेजही नाही. त्या दोन्ही फक्त त्या दुसऱ्या तुकड्यात असतात, आणि तो तुकडाच लिमिटमध्ये उडतो. cos च्या जागी sin घे, 50 हर्ट्झच्या जागी 5 घे, पॉवर 8 च राहणार.

एक्स्पोनेन्शिअलचं संध्याकाळी लिहितो. तुझ्या प्रश्नात तिथे एक अक्षर गाळलेलं आहे आणि त्याने उत्तर फिरतं. तोवर दोन्ही सिग्नल एकाच खिडकीत घेऊन, ती खिडकी दुप्पट करत जा आणि काय दिसतं ते इथे टाक.

---

पांझराकाठ · मंगळवार, दुपारी 3:15

धन्यवाद सर. करून पाहिलं. दोन्ही 0 पासून सुरू केले.

खिडकी 5 सेकंद, 10, 20, 40 अशी नेली. कोसाइनची एनर्जी 40, 80, 160, 320. दर वेळी बरोबर दुप्पट. एक्स्पोनेन्शिअलची 15.89, मग 16.00 आणि पुढे हललीच नाही. त्याची सरासरी मात्र खिडकी दुप्पट केली की निम्मी होते: 20 सेकंदांना 0.8, 40 ला 0.4. म्हणजे मला आलेली 0.8 ही त्या सिग्नलची पॉवर नव्हतीच, फक्त 16 भागिले 20 होतं.

आता नवीन शंका. मी 0.5 च्या जागी 0.01 टाकून पाहिलं, 4e^(-0.01t). खिडकी 10 सेकंद असताना एनर्जी 145 आली, 20 सेकंदांना 263.7. जवळजवळ दुप्पट! हा पण विरणाराच सिग्नल आहे, मग तो कोसाइनसारखा का वागतोय?

---

मोजमाप · मंगळवार, सायंकाळी 5:30

मी जळगाव एमआयडीसीत टेस्टिंगमध्ये काम करते, दिवसभर ऑसिलोस्कोप समोर असतो. तुझ्या नव्या शंकेचं उत्तर सोपं आहे. 0.01 म्हणजे टाइम कॉन्स्टंट 100 सेकंद. 10 सेकंदांत हा सिग्नल 4 वरून फक्त 3.6 वर आलेला असतो. अजून तो विरायला लागलेलाच नाही, त्यामुळे तेवढ्या वेळात तो जवळजवळ डीसीसारखा दिसतो, आणि डीसीची एनर्जी खिडकीबरोबर दुप्पटच होते. खिडकी 400 सेकंदांची कर, एनर्जी 799.7 येईल. 800 सेकंदांची केलीस तर 800. म्हणजे थांबली. सूत्रानेही 16/0.02 = 800 च येतं.

माझी कामाची पद्धत सांगते. आधी टाइम कॉन्स्टंटचा अंदाज घ्यायचा आणि त्याच्या चार-पाच पट तरी लांबीचं रेकॉर्ड करायचं. मग खिडकी दुप्पट करून एनर्जीचं गुणोत्तर बघायचं. गुणोत्तर 1 कडे गेलं तर एनर्जी सिग्नल, 2 कडे गेलं तर पॉवर सिग्नल.

पण मला या वर्गीकरणावरच एक म्हणायचंय. स्कोपवर जे जे येतं ते कधीतरी सुरू होतं आणि कधीतरी संपतं. मेनचा साइन वेव्हसुद्धा माझ्याकडे दोन सेकंदांच्या फाइलमध्ये येतो. त्या फाइलची एनर्जी मर्यादित आहे. म्हणजे लॅबमध्ये पाहिलं तर सगळेच एनर्जी सिग्नल असतात. पॉवर सिग्नल फक्त वहीत.

---

जुना_फळा · मंगळवार, रात्री 8:10

मोजमाप ताईंनी टाइम कॉन्स्टंटचं छान सांगितलं. त्यांच्या शेवटच्या मुद्द्याशी मी सहमत नाही, पण आधी कबूल केलेलं एक्स्पोनेन्शिअल.

पांझराकाठ, तुझ्या पेपरात 4e^(-0.5t) एवढंच छापलंय. त्याच्यापुढे u(t) नाही. प्रोग्रॅममध्ये तू t शून्यापासून घेतलास, म्हणजे u(t) तू मनानेच लावलास. आता दोन्ही सोडवू.

u(t) आहे असं धर. शून्याच्या डावीकडे सिग्नलच नाही, म्हणून इंटिग्रल 0 ते T. वर्ग केला की 16e^(-t). त्याचं 0 ते T इंटिग्रल 16(1 - e^(-T)). T वाढला की e^(-T) शून्याकडे जातो, उरतात 16. एनर्जी मर्यादित. पॉवरसाठी 2T ने भाग: वरचा आकडा 16 च्या पुढे जाऊ शकत नाही, खालचा वाढतोय, म्हणून शून्य. एनर्जी सिग्नल, E = 16.

आता u(t) नाही असं धर, जसं छापलंय तसं. इंटिग्रल -T ते T. उत्तर 16(e^T - e^(-T)). या वेळी e^T आहे! सिग्नल उजवीकडे विरतो, पण डावीकडे मागे मागे जावं तसा तो फुगत जातो. t = -10 ला तो 4e^5, म्हणजे जवळपास 594 आहे. एनर्जी अनंत. बरं, मग पॉवर? 16(e^T - e^(-T)) ला 2T ने भागलं तरी e^T पुढे 2T ची काही मात्रा चालत नाही. T = 10 ला भागाकार साधारण 17,600 येतो, T = 20 ला 19 कोटींच्या वर. तीही अनंत. म्हणजे हा एनर्जी सिग्नलही नाही आणि पॉवर सिग्नलही नाही.

एकच घातांक, एकच अँप्लिट्यूड, आणि u(t) असण्या-नसण्याने उत्तर बदललं. पेपर तपासताना मी हे सतत पाहिलं आहे. विद्यार्थी e^(-at) दिसला की A²/2a लिहून मोकळा होतो. u(t) आहे का, नसेल तर घातांकात |t| आहे का, हे बघतच नाही. 4e^(-0.5|t|) असेल तर दोन्ही बाजूंनी विरतो, दोन्हीकडून 16-16 मिळून E = 32.

---

अमळनेरकर · मंगळवार, रात्री 8:45

सर, आदराने सांगतो, परीक्षेत e^(-at) म्हटलं की t ≥ 0 गृहीतच असतं. पुस्तकाच्या मागे उत्तर एनर्जी आहे म्हणजे लेखकाच्या मनातही तेच होतं. मुलीला उगाच घाबरवू नका.

आणि माझा नियम चुकला कुठे? पिरिऑडिक तो पॉवर, विरणारा तो एनर्जी. u(t) लावलेला कोसाइन घ्या, 4cos(100πt)u(t). पॉवर 8 च.

---

जुना_फळा · मंगळवार, रात्री 9:30

घाबरवत नाही हो, वाचायला शिकवतोय. लेखकाच्या मनात काय होतं ते तुम्ही म्हणता तसं असेलही.

पण तुम्ही दिलेलंच उदाहरण करून पाहा. 4cos(100πt)u(t). इंटिग्रल फक्त 0 ते T, म्हणजे 8T अधिक तो छोटा वरखाली होणारा तुकडा. भागायचं मात्र 2T नेच, कारण व्याख्येतली खिडकी -T ते T आहे, सिग्नल कुठूनही सुरू झाला तरी. उत्तर 4 येतं, 8 नाही. A²/4. अर्धा काळ सिग्नल शून्य होता, तोही सरासरीत धरायचा आहे. पर्यायी प्रश्नांत 8 आणि 4 दोन्ही पर्याय ठेवलेले असतात, ते याच्यासाठीच.

शिवाय u(t) लावल्यावर तो पिरिऑडिक राहिलाच नाही, तरी पॉवर सिग्नल आहे. म्हणजे नियमाचा पहिला भाग एकाच बाजूने चालतो. पिरिऑडिक असेल आणि एका आवर्तनातली एनर्जी मर्यादित असेल, शून्य नसेल, तर पॉवर, हे खरं. पण पॉवर असेल तर पिरिऑडिक असं नाही. नुसता u(t) घ्या, कुठेही आवर्तन नाही, पॉवर 0.5.

दुसरा भाग, विरणारा तो एनर्जी, हा त्याहून कच्चा आहे. x(t) = 1/√t घ्या, t = 1 पासून पुढे, आधी शून्य. हा शून्याकडे विरतो की नाही? विरतो. वर्ग केला की 1/t, इंटिग्रल ln T. ते हळू वाढतं पण थांबत नाही, म्हणून एनर्जी अनंत. पॉवर ln T भागिले 2T, ती शून्य. एनर्जीत बसत नाही, पॉवरमध्येही बसत नाही. विरणं पुरेसं नाही, पुरेसं वेगाने विरावं लागतं. एक्स्पोनेन्शिअल त्यात पास होतो, 1/√t होत नाही.

आता मोजमाप ताई, तुमची गुणोत्तराची चाचणी या सिग्नलवर लावा.

---

मोजमाप · बुधवार, सकाळी 10:15

लावली. T = 10,000 ला एनर्जी 9.21, T = 20,000 ला 9.90. गुणोत्तर 1.075. खिडकी आणखी वाढवली की 1 च्या आणखी जवळ जातं. म्हणजे माझ्या चाचणीने मी याला एनर्जी सिग्नल म्हटलं असतं.

गुणोत्तराऐवजी फरक बघितला तर मात्र सापडतो. दर वेळी खिडकी दुप्पट केली की एनर्जीत 0.693 ची भर पडते, म्हणजे ln 2. ती भर कमी होतच नाही. पांझराकाठच्या एक्स्पोनेन्शिअलमध्ये 5 वरून 10 ला 0.11 ची भर पडली आणि 10 वरून 20 ला 0.001 सुद्धा नाही. म्हणजे भर शून्याकडे वेगाने जातेय का ते बघायचं. पांझराकाठ, गुणोत्तराबरोबर हे पण वहीत लिहून ठेव.

लॅबचा माझा मुद्दा मात्र तसाच आहे.

---

केळीवाला_रावेर · बुधवार, दुपारी 1:40

सर, माझं राहिलं.

---

जुना_फळा · बुधवार, दुपारी 4:00

राहिलं नाही भाऊ. आता तेच.

तुमचा पहिला प्रश्न खरा आहे. मोटरची पॉवर आणि एनर्जी दोन्ही असतात, कारण तिथे वेळ ठरलेला आहे, आठ तास. मीटर त्या आठ तासांची बेरीज करतो. इथे मुलं जो प्रश्न सोडवतात तो वेळ न ठरवता विचारलेला आहे: हा सिग्नल अनंत काळ असाच राहिला तर त्याला मोजायला कोणतं माप उपयोगी पडेल? मेनचा व्होल्टेज अनंत काळ चालू धरला तर एकूण बेरजेला अर्थ उरत नाही, सरासरीला असतो. म्हणून तो पॉवर सिग्नल. आपल्या 230 व्होल्टच्या लाईनचं टोक साधारण 325 व्होल्टला असतं. 325 चा वर्ग भागिले 2 म्हणजे 52,800 च्या आसपास, आणि 230 चा वर्ग 52,900. टोक पूर्णांकात घेतल्यामुळे थोडा फरक दिसतो, बाकी वस्तू एकच. तुमच्या मीटरवरचे 230 हे त्या सिग्नल पॉवरचं वर्गमूळच आहे.

यात वॅट कुठे आहेत असं विचाराल. नाहीतच. व्होल्टचा वर्ग केला तर व्होल्ट-वर्ग मिळतो, तो रेझिस्टन्सने भागला की वॅट. मुलांच्या वहीत R = 1 ओहम धरलेला असतो, म्हणून तिथे आकडा तोच राहतो. पण एकक तेच समजलं की घोळ होतो.

आता कपॅसिटर. मोटर वेगात आली की पेटी स्टार्टिंगच्या कपॅसिटरला बाजूला काढते. त्या क्षणी त्याच्यावर जो व्होल्टेज असेल तो त्याच्यावरच राहतो. करंट लाईनमधून येत नाही, त्याच्यात साठलेल्या चार्जमधून येतो. समजा कपॅसिटर 100 मायक्रोफॅरडचा आहे, त्याच्यावर 325 व्होल्ट राहिले आणि त्याच्या दोन टोकांत 100 किलोओहमचा रेझिस्टर जोडलेला आहे. व्होल्टेज 325e^(-t/RC) असा उतरतो, RC = 10 सेकंद. पांझराकाठच्या 4e^(-0.5t)u(t) सारखाच, फक्त A = 325 आणि a = 0.1.

सूत्र लावा: A²/2a = 1,05,625 भागिले 0.2 = 5,28,125. हे व्होल्ट-वर्ग-सेकंद. याला 1,00,000 ओहमने भागलं की 5.28 ज्यूल. आता दुसऱ्या बाजूने या. कपॅसिटरमधली साठवण ½CV² असते: अर्धा गुणिले 0.0001 गुणिले 1,05,625, म्हणजे पुन्हा 5.28 ज्यूल. जेवढं आत होतं तेवढंच रेझिस्टरमध्ये जळालं. आणि मध्ये R कितीही घातला तरी सिग्नलची एनर्जी बदलेल, ज्यूल बदलणार नाहीत, कारण A²/2a मध्ये R वर येतो आणि भागताना तोच निघून जातो. एनर्जी सिग्नल म्हणजे काय हे याहून स्पष्ट मला कुठे दाखवता येत नाही: ठरावीक साठा, आणि अनंत काळ वाट पाहिली तरी तेवढाच.

तुम्हाला झटका बसतो याचा अर्थ तो रेझिस्टर एकतर बसवलेला नाही किंवा तुटला आहे. असता तर 50 सेकंदांत व्होल्टेज दोन-सव्वादोन व्होल्टवर आला असता. त्याशिवाय मात्र कपॅसिटर स्वतःच्या बारीक गळतीनेच उतरतो, म्हणजे a फार लहान, आणि बराच वेळ धोका राहतो. टोकं स्क्रू ड्रायव्हरने एकमेकांना टेकवू नका. वायरमनकडून योग्य वॅटेजचा आणि व्होल्टेजचा रेझिस्टर कायमचा जोडून घ्या. आणि पेटीत हात घालण्याआधी मीटरने डीसी व्होल्ट बघा, एसीच्या रेंजवर तो नीट दिसणार नाही.

---

केळीवाला_रावेर · बुधवार, सायंकाळी 7:25

पेटी उघडून पाहिली. एक रेझिस्टर काळा पडून एका टोकाने सुटलेला दिसतोय. उद्या वायरमन येतोय. मीटर डीसीवर ठेवायचं असतं हे मले ठाऊकच नव्हतं, मी एसीवर बघून शून्य आहे म्हणून हात घालत होतो.

---

अमळनेरकर · बुधवार, रात्री 9:00

कपॅसिटरचं उदाहरण आवडलं. A²/4 पण मान्य, व्याख्येप्रमाणे तेच येतं. तरी माझं म्हणणं राहतं: परीक्षेच्या वेळेत 1/√t येणार नाही, e^(-at) येणार, आणि तिथे एनर्जी लिहिलं की मार्क मिळणार. पांझराकाठ, u(t) छापलं नसेल तर t ≥ 0 समजून सोडव.

---

मोजमाप · बुधवार, रात्री 9:20

मी उलट सांगेन. जसं छापलंय तसं सोडव. नाहीतर उद्या कामावर डेटाशीट वाचताना न लिहिलेलं स्वतःच धरून चालायची सवय लागते.

आणि सर, माझा लॅबचा मुद्दा अजून उत्तराविना आहे.

---

जुना_फळा · गुरुवार, सकाळी 9:45

ताई, तुमची फाइल दोन सेकंदांची आहे हे खरं, आणि त्या फाइलची एनर्जी मर्यादित आहे हेही खरं. पण ती फाइल उघडून तुम्ही RMS काढता तेव्हा बेरीज फाइलच्या लांबीने भागताच ना? ती 2 सेकंदांची निघो की 5 सेकंदांची, RMS तेवढाच यावा अशी तुमची अपेक्षा असते. ती अपेक्षा म्हणजेच तुम्ही तो सिग्नल खिडकीबाहेरही तसाच चालू धरला आहे, पॉवर सिग्नल धरला आहे. कपॅसिटर उतरण्याच्या रेकॉर्डचा RMS मात्र तुम्ही कधी कोणाला कळवणार नाही, कारण तो फाइल किती लांब ठेवली त्यावर बदलतो. वर्गीकरण फाइलचं नसतं, फाइलमागे काय धरलं त्याचं असतं. तुम्हाला पटेलच असं नाही.

पांझराकाठ, पेपराबद्दल माझं मत: दोन्ही ओळी लिही. "t ≥ 0 साठी E = 16, एनर्जी सिग्नल. सर्व t साठी E आणि P दोन्ही अनंत, दोन्हींपैकी काहीच नाही." दीड मिनिट जादा जाईल.

---

मोजमाप · गुरुवार, सकाळी 11:05

RMS चं पटलं. पण मोटर सुरू होतानाचा करंट घ्या, सुरुवातीला मोठा, मग काही सेकंदांत उतरून स्थिर साइन वेव्ह. त्यातलं काय एनर्जी आणि काय पॉवर?

---

पांझराकाठ · गुरुवार, दुपारी 2:30

ताई, मी करून बघते. एकूण करंट म्हणजे स्थिर साइन वेव्ह अधिक विरणारा भाग, असं धरलं. 4cos(100πt)u(t) अधिक 4e^(-0.5t)u(t). वर्ग केला की तीन तुकडे: कोसाइनचा वर्ग, एक्स्पोनेन्शिअलचा वर्ग, आणि दोघांच्या गुणाकाराची दुप्पट. एक्स्पोनेन्शिअलचा वर्ग कितीही झाला तरी 16. गुणाकारातही e^(-0.5t) आहे, म्हणून तोही मर्यादितच राहतो. 2T ने भागल्यावर हे दोन्ही शून्याकडे जातात. उरतो कोसाइन, पॉवर 4. म्हणजे एकूण सिग्नल पॉवर सिग्नल, आणि सुरुवातीचा मोठा करंट त्या पॉवरमध्ये दिसतच नाही.

पण मग मोटर सुरू होताना फ्यूज उडतो तो तर त्या न दिसणाऱ्या भागामुळेच ना सर?

---

जुना_फळा · गुरुवार, दुपारी 4:50

हो. फ्यूजची तार अनंत काळची सरासरी बघत बसत नाही, तिला वितळायला थोड्या वेळात करंटच्या वर्गाची किती बेरीज झाली त्याच्याशी मतलब. म्हणूनच फ्यूजच्या डेटाशीटवर I²t नावाचा आकडा असतो, अँपिअर-वर्ग-सेकंदात. ती ठरावीक खिडकीतली तुझी एनर्जीच आहे, R ने न गुणलेली. मोजमाप ताईंकडे एखादी डेटाशीट असेल तर त्यातला आकडा टाका, यावर वेगळा धागा काढू.